खरेदीवाल्याला फोन करायला न लावणारं कोटेशन

भोसरी, चाकण, सातपूर किंवा शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यातून रोज जाणाऱ्या कोटेशनांपैकी बरीचशी अशी असतात: ‘आपल्या चौकशीनुसार टाकीचा दर प्रत्येकी 1,36,000 रुपये. कर वेगळे. डिलिव्हरी चार ते पाच आठवडे. पेमेंट परस्पर संमतीने.’ खाली सही, शिक्का, दोन मोबाइल नंबर. पाठवणाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं. मग आठवडाभर काही उत्तर येत नाही आणि तो समजतो की आपला दर चढा पडला.

पुष्कळदा दराचा त्यात काही दोष नसतो. मेल उघडणारा माणूस बहुधा खरेदी विभागातला असतो, मालक नव्हे. त्याला तीन-चार पुरवठादारांची कोटेशनं एका तक्त्यात मांडायची असतात. मूळ किंमत, पॅकिंग, भाडं, कर, माल किती दिवसांत येणार, पैसे कधी द्यायचे आणि दर कधीपर्यंत चालू, असे त्या तक्त्याचे रकाने असतात. तो भरून वरिष्ठांची सही मिळाली की परचेस ऑर्डर निघते. वरच्या मेलवरून हे रकाने भरत नाहीत. कर किती टक्के? भाडं कोणाचं? पाच आठवडे कधीपासून धरायचे? एवढं विचारायला फोन करावा लागतो, आणि ज्याला फोन करावा लागतो त्याचा कागद ढिगात खाली जातो. ज्याच्या मेलवरून रकाने भरतात त्याचं नाव आधी पुढे सरकतं. कोटेशन लिहिताना डोळ्यांसमोर हा तक्ता असावा. कंपनीची 25 वर्षांची परंपरा सांगणारा पहिला परिच्छेद खरेदीवाला वाचतच नाही.

एक उदाहरण घेऊन बघू. गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका खाद्यप्रक्रिया कारखान्याला शुद्ध केलेलं पाणी साठवायला 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या तीन टाक्या हव्या आहेत, प्रत्येकी 2,000 लिटरच्या. भोसरीतला एक फॅब्रिकेटर त्यांना कोटेशन देतो आहे. उदाहरण कल्पित आहे, आकडेही समजुतीसाठी घेतलेले. पण त्यातल्या अडचणी या धंद्यात रोजच्या आहेत.

आधी दराची मुदत. 304 पत्र्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, त्यामुळे निकेल हललं की पत्रा हलतो. मार्च 2022 मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला. एक्स्चेंजला व्यवहार थांबवावे लागले आणि त्या दिवशी झालेले सौदे रद्द करावे लागले. असं वारंवार घडत नाही. पण पत्र्याच्या व्यापाऱ्याचा दर अगदी शांत काळातही थोड्याच दिवसांचा असतो आणि फॅब्रिकेटर मात्र जुन्या नमुन्यातली ‘वैधता 90 दिवस’ ही ओळ तशीच ठेवून देतो.

त्याची किंमत किती, ते मोजता येतं. दीड-पावणेदोन मीटर उंचीची, तीन मिलिमीटर जाडीची अशी एक टाकी पायांसकट अंदाजे 250 किलो भरते. तीन टाक्यांचा 750 किलो पत्रा धरला आणि मधल्या काळात किलोमागे 20 रुपये चढले, तर 15,000 रुपये गेले. सव्वाचार लाखांच्या कामात हे नफ्यातूनच जातात.

म्हणून या मालाला दोन आठवड्यांची मुदत रास्त. आणि ती दिवसांत लिहिण्यापेक्षा तारखेने लिहावी. ‘15 दिवस’ म्हटलं की कोटेशनच्या तारखेपासून की मेल मिळाल्यापासून, असा घोळ होतो. ‘20 एप्रिलपर्यंत’ म्हटल्यावर काही विचारायचं राहत नाही. त्या तारखेपर्यंत काय हाती यायला हवं, तेही सांगावं: परचेस ऑर्डर, की ऑर्डर आणि अॅडव्हान्स दोन्ही. खरेदीवाला 19 तारखेला ऑर्डर पाठवतो आणि अॅडव्हान्स महिन्याने सोडतो. दरम्यान पत्रा घ्यायला पैसे नसतात आणि भाव मात्र चढलेला असतो.

इथे कायद्याचा एक बारकावा आहे. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 6 प्रमाणे प्रस्तावात दिलेली मुदत संपली की प्रस्ताव संपतो. मुदतच दिली नसेल, तर वाजवी काळ गेल्यावर संपतो. वाजवी म्हणजे किती, यावर मग वाद घालत बसायचा. कलम 5 प्रमाणे समोरच्याचा होकार रवाना होण्याआधी प्रस्ताव देणारा तो मागेही घेऊ शकतो, म्हणजे मुदत लिहिली म्हणून तो तेवढे दिवस बांधला गेलाच असं नाही. पण 20 तारीख लिहून 12 तारखेला दर वाढवणाऱ्याकडे पुढची चौकशी येत नाही, हा बाजाराचा कायदा जास्त कडक आहे.

करांच्या ओळीत सगळ्यात जास्त आळस दिसतो. ‘कर लागू असतील त्याप्रमाणे वेगळे’ हे वाक्य खोटं नाही, पण त्याने खरेदीवाल्याचा रकाना भरत नाही. काही कोटेशनांत अजूनही ‘अबकारी, व्हॅट, सी फॉर्म, जकात वेगळी’ असं छापलेलं असतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर या गोष्टी अशा मालापुरत्या इतिहासजमा झाल्या. तो कागद बघून खरेदीवाल्याला एवढंच कळतं की या कारखान्यात कोटेशन कोणी वाचत नाही.

आपल्या उदाहरणात माल भोसरीहून निघून गोव्यात पोहोचणार, म्हणून आयजीएसटी 18 टक्के. हाच गिऱ्हाईक नाशिकला असता, तर 9 टक्के केंद्राचा आणि 9 टक्के राज्याचा, बेरीज तीच. तरी लिहिताना नेमका प्रकार लिहावा, कारण खरेदीवाल्याच्या संगणकात करकोड वेगवेगळे असतात. सोबत एचएसएन क्रमांक द्यावा. 300 लिटरपेक्षा मोठी, आत कुठलीही यंत्रणा नसलेली लोखंडी किंवा स्टीलची टाकी 7309 मध्ये येते. त्याच टाकीला ढवळणी किंवा गरम करायचं जॅकेट लावलं तर वर्गीकरण बदलू शकतं; तेव्हा जुन्या कोटेशनमधला क्रमांक उचलण्याआधी आपल्या कर सल्लागाराला विचारलेलं बरं.

सगळ्यात जास्त गोंधळ भाड्याच्या कराचा होतो. पॅकिंग आणि भाडं पुरवठादाराने स्वतःच्या बिलात लावलं की ते मालाच्या मूल्यातच धरलं जातं आणि त्यावरही 18 टक्के लागतात. ट्रकवाल्याचे पैसे गिऱ्हाइकाने परस्पर दिले, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘टू पे’ केलं, तर ती रक्कम टाकीच्या बिलात येत नाही. वाहतुकीवरच्या कराचा हिशेब गिऱ्हाईक आणि वाहतूकदार यांच्यात होतो. म्हणून ‘भाडं वेगळं’ इतकंच लिहून भागत नाही. वेगळं म्हणजे तुमच्या बिलात वेगळी ओळ, की तुमच्या बिलाबाहेर?

समोरचा कोण आहे, हेही बघावं. वेर्ण्याच्या कारखान्याला भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं. तो तुलना करतो कराशिवायच्या रकमेची. कर त्याच्यासाठी काही काळ अडकणारी रोकड असते. याच टाक्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेला किंवा शाळेला विकायच्या असतील आणि त्यांना क्रेडिट मिळत नसेल, तर 18 टक्के हा त्यांचा खराखुरा खर्च. त्यांना शेवटची, करासकट बेरीज आधी दिसायला हवी. एकाच मेलात दोन्ही आकडे द्यायला एक ओळ जास्त लागते. दर मधेच बदलला तर काय, याचंही उत्तर त्यात असावं. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे कितीतरी दर एका तारखेला बदलले, तेव्हा हातात ऑर्डरी असलेल्यांना हा प्रश्न पडलाच होता. ‘पुरवठ्याच्या वेळी कायद्याने जो दर असेल तो’ एवढं पुरतं.

डिलिव्हरी या एका शब्दाखाली दोन वेगळे प्रश्न असतात: माल कुठे सुपूर्द होणार आणि किती दिवसांत. पहिल्याचं उत्तर ‘एक्स-वर्क्स भोसरी’ असेल, तर ट्रक, विमा, रस्त्यातला धोका आणि वेर्ण्याला क्रेन, सगळं गिऱ्हाइकाचं. ‘एफओआर वेर्णा’ असेल तर फाटकापर्यंत भाडं आपलं. टाक्या पोकळ असल्याने तिन्ही मिळून वजन टनाच्या आत राहतं, तरी जागा अख्ख्या गाडीची लागते. भाडं किलोवर मिळत नाही, गाडीवर मिळतं. हे ठाऊक नसलेला खरेदीवाला एक्स-वर्क्सच्या दरात मनाने चार-पाच हजार भाडं मिळवतो आणि पुढे वाहतूकदाराचा आकडा ऐकून चिडतो.

एफओआर लिहिलं तरी गाडीवरून उतरवायचं काम कोणाचं आणि वाटेत टाकीला पोचा आला तर कोणाचा, हे उरतंच. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मालकी ज्याची धोका त्याचा. आणि माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो गिऱ्हाइकालाच दिला असं सर्वसाधारणपणे धरलं जातं. पण वेर्ण्याच्या फाटकात पोचा आलेली टाकी उभी असताना कलमं कोणी ऐकत नाही. प्रवासविमा कोण काढणार, हे आधी लिहिलेलं असलं की भांडण विमा कंपनीकडे वळतं.

दुसरा प्रश्न दिवसांचा. ‘चार ते पाच आठवडे’ मध्ये पुरवठादाराच्या मनात पाच असतात आणि गिऱ्हाइकाच्या मनात चार. त्याहून अवघड म्हणजे घड्याळ कधी सुरू होतं ते. टाकीला पाइप कुठून, झाकण कुठे, पाय किती उंच, हे ड्रॉइंग गिऱ्हाइकाने मंजूर केल्याशिवाय पत्रा कापता येत नाही आणि मंजुरी त्यांच्या प्रॉडक्शनवाल्याच्या टेबलावर दहा दिवस पडून राहते. खरेदीवाला मात्र ऑर्डरच्या तारखेपासून मोजत असतो. म्हणून ‘अॅडव्हान्स आणि मंजूर ड्रॉइंग, यांपैकी जे नंतर मिळेल त्यापासून चार आठवडे’ असं लिहावं, आणि आपल्या बाजूनेही बांधून घ्यावं की ऑर्डर मिळाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत ड्रॉइंग पाठवू. एकतर्फी अट खरेदीवाल्याला खटकते. दोघांना बांधणारी अट तो वरिष्ठांकडे बिनदिक्कत नेतो.

आता पैसे. ‘40 टक्के अॅडव्हान्स’ लिहिताना ते टक्के कशाचे, कराआधीच्या रकमेचे की करासकट, हे लोक विसरतात. मालासाठी घेतलेल्या अॅडव्हान्सवर नोव्हेंबर 2017 पासून जीएसटी भरावा लागत नाही, तो बिलाच्या वेळी लागतो. म्हणून अॅडव्हान्स मूळ रकमेवर घेणं आणि पूर्ण कर डिस्पॅचआधीच्या हप्त्यात मागणं सरळ पडतं. तो हप्ता मागताना जो प्रोफॉर्मा पाठवतो ते कर बिल नव्हे, त्यावर क्रेडिट मिळत नाही. हे एका ओळीत सांगितलं तर गिऱ्हाइकाच्या हिशेबनीसाचा फोन वाचतो.

शेवटचे दहा टक्के मात्र बहुतेकदा ‘टाक्या चालू झाल्यावर’ असतात. यात पुरवठादार फसतो. पाइपलाइनचं काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे, त्याला सहा महिने उशीर, टाक्या कोपऱ्यात उभ्या आणि आपले दहा टक्केही तिथेच उभे. ‘चालू झाल्यावर किंवा माल पोहोचल्यापासून 30 दिवसांत, जे आधी होईल तेव्हा’ हे शब्द मागून घ्यावेत. ते मागायला संकोच नको. खरेदीवाल्यालाही बहुधा तारीखच हवी असते, कारण त्याच्या संगणकात ‘टाक्या चालू झाल्यावर’ असा पर्यायच नसतो.

उधारीचे दिवस ठरवताना सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बाजूने एक कायदा उभा आहे. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि लेखी ठरलेली मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. हे व्याज प्रत्यक्षात मागणारे थोडेच, कारण गिऱ्हाईक तुटण्याची भीती. पण आर्थिक वर्ष 2023-24 पासून प्राप्तिकर कायद्यातल्या कलम 43ब च्या नव्या पोटकलमाने गिऱ्हाइकाच्या खिशालाच हात घातला. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांचे हिशेब विभाग स्वतःहून उद्यम प्रमाणपत्र मागू लागले. तो क्रमांक जीएसटी क्रमांकाशेजारी लिहावा, आपण सूक्ष्म, लघु की मध्यम तेही लिहावं. मध्यम उद्योगांना हे संरक्षण नाही, आणि केवळ व्यापार करणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये.

एवढं सगळं मेलात मावतं का? मावतं. बाजारात असा मेल बहुधा इंग्रजीत जातो, पण मजकूर साधारण असा:

विषय: कोटेशन क्र. 114, सुधारणा 0: स्टेनलेस स्टील 304 टाकी, 2,000 लिटर, 3 नग: 20 एप्रिलपर्यंत वैध

महोदय,
आपल्या 2 एप्रिलच्या चौकशीनुसार कोटेशन देत आहोत. तपशीलवार मोजमाप सोबतच्या ड्रॉइंगमध्ये आहे.

किंमत: 3 नग, प्रत्येकी 1,40,000 = 4,20,000 रुपये. पॅकिंग 6,000. वेर्ण्यापर्यंत भाडं 22,000. करापूर्वी एकूण 4,48,000. आयजीएसटी 18 टक्के (एचएसएन 7309) 80,640. एकूण देय 5,28,640 रुपये. कर पुरवठ्याच्या वेळच्या दराने.
वैधता: परचेस ऑर्डर आणि अॅडव्हान्स 20 एप्रिलपर्यंत मिळाल्यास हा दर कायम.
सुपूर्दगी: एफओआर आपला वेर्णा कारखाना. प्रवासविमा आमचा, गाडीवरून उतरवणं आपलं.
मुदत: अॅडव्हान्स आणि मंजूर ड्रॉइंग, जे नंतर मिळेल त्यापासून 4 आठवडे. ड्रॉइंग ऑर्डरनंतर 3 कामकाजाच्या दिवसांत पाठवू.
पेमेंट: ऑर्डरसोबत 1,79,200. आमच्या कारखान्यात तपासणी झाल्यावर, डिस्पॅचपूर्वी 3,04,640 (यात पूर्ण कर). उरलेले 44,800 माल पोहोचल्यापासून 30 दिवसांत.
स्वीकृती: या कोटेशनचा क्रमांक लिहून परचेस ऑर्डर याच मेलच्या उत्तरात पाठवावी.

खाली नाव, हुद्दा, एकच फोन नंबर, जीएसटी आणि उद्यम क्रमांक.

मजकूर मेलातच असावा आणि तोच पीडीएफमध्येही जोडावा. खरेदीवाला मोबाइलवर वाचतो मेल, आणि फाइलला लावतो पीडीएफ. दोहोंत एका आकड्याचा जरी फरक पडला, तरी तो ज्याला सोयीचा तो धरतो.

आता सुरुवातीला दिलेल्या 1,36,000 च्या कोटेशनकडे पुन्हा बघा. तेही पुण्यातल्याच दुसऱ्या फॅब्रिकेटरचं आहे असं धरू. तीन टाक्यांचे 4,08,000, म्हणजे दिसायला 40,000 ने स्वस्त. खरेदीवाल्याने फोन केल्यावर कळतं की पॅकिंग-फॉरवर्डिंग 3 टक्के वेगळं, म्हणजे 12,240, आणि भाडं तेवढंच 22,000. झाले 4,42,240. खरा फरक 5,760 रुपये, आणि विमा कोणाचा, अॅडव्हान्स किती, हे अजून कळलेलंच नाही. स्वस्त असूनही हे कोटेशन तक्त्यात अर्धवट राहतं. पूर्ण भरलेल्या कोटेशनवर खरेदीवाला दहा हजारांची घासाघीस करून मोकळा होतो.

ती घासाघीस झाली की ‘ठीक आहे, 1,37,000 करतो’ असं एका ओळीचं उत्तर पाठवू नये. सुधारणा 1 म्हणून पूर्ण कोटेशन नव्याने पाठवावं आणि सुधारणा 0 रद्द असं लिहावं. मेलांवरचा करार न्यायालयातही टिकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10-अ मुळे करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून फेटाळता येत नाही. दुबईच्या ट्रायमेक्स इंटरनॅशनलने ऑक्टोबर 2007 मध्ये वेदांत अॅल्युमिनियमला मेलवरून बॉक्साइटच्या पाच जहाजांचा प्रस्ताव दिला. मेलांची देवाणघेवाण होऊन सौदा पक्का असल्याचं उत्तर आलं. औपचारिक करारावर सह्या झाल्याच नाहीत आणि वेदांतने पुढे करार झालाच नाही अशी भूमिका घेतली. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेलांमधला बिनशर्त होकार पुरेसा मानला. होकार ज्या मेलला मिळाला, त्यातच सगळ्या अटी असल्या की काय ठरलं ते शोधत बसावं लागत नाही.

आणि होकार बिनशर्त आहे का, हे परचेस ऑर्डर आल्यावर बघायचं असतं. मोठ्या कंपनीच्या ऑर्डरमागे छापील अटींची दोन पानं असतात: उधारी 90 दिवस, उशीर झाल्यास आठवड्याला अर्धा टक्का दंड, माल आमच्या गोदामात स्वीकारेपर्यंत धोका पुरवठादाराचा. करार कायद्याच्या कलम 7 प्रमाणे स्वीकृती बिनशर्त हवी. अटी बदलून आलेली ऑर्डर हा नवा प्रस्ताव ठरतो. पण कलम 8 प्रमाणे प्रस्तावातल्या अटींप्रमाणे काम करणं हीही स्वीकृतीच असते. ऑर्डर आल्याच्या आनंदात पत्रा आणून कापायला घेतला, तर त्या दोन पानांना होकार दिला असं उद्या समोरचा म्हणू शकतो. म्हणून त्याच दिवशी उत्तर जावं: ‘ऑर्डर मिळाली, आभारी आहोत. तिच्यातल्या पेमेंट आणि दंडाच्या अटी कोटेशन क्र. 114, सुधारणा 1 शी जुळत नाहीत. दुरुस्त ऑर्डर मिळताच ड्रॉइंग पाठवतो.’ बहुतेक खरेदीवाले दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करून देतात. छापील पानं त्यांनीही वाचलेली नसतात.